प्रेस्टा की श्रेडर? ट्यूबचं तोंड, पंपाचं तोंड आणि मधला पितळी तुकडा

शनिवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, पंप लागतच नाहीये. क्लिप नुसती गळून पडतेय. पप्पांच्या मोटरसायकलला तर मस्त लागतो."

तिने नुकतीच एक वापरलेली हायब्रिड सायकल घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैत्रिणींबरोबर खडकवासल्याला जायचं ठरलं होतं. दोन्ही चाकं मऊ पडली होती. जवळच्या पंक्चरच्या दुकानातही ती जाऊन आली होती. तिथे तिला सांगितलं, "ही ट्यूब आपल्याकडे नाही चालत. रिमचं भोक मोठं करून मोटरसायकलसारख्या तोंडाची ट्यूब टाकून देतो."

मी म्हटलं, "ड्रिल लावू देऊ नकोस. मी पोचतो अर्ध्या तासात."

त्या संध्याकाळी आम्ही जे जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. साध्या सायकलीवरून गिअरच्या सायकलीकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. उत्तर अवघड नाही, पण चुकीच्या टोकापासून सुरुवात केली तर ट्यूब जाते, आणि ड्रिल फिरलं तर रिमही जाते.

आधी व्हॉल्व्ह बघा

चाक असं फिरवा की व्हॉल्व्ह तुमच्या डोळ्यांसमोर येईल. धुळीची टोपी काढा. आता दोन गोष्टी बघायच्या: जाडी आणि टोक.

व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा असेल, आणि तोंडात डोकावल्यावर मधोमध एक बारीक पिन आत बसलेली दिसत असेल, तर तो श्रेडर. न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडर यांच्या नावावरून हे नाव पडलं आणि १८९० च्या दशकापासून तो जगभर चालत आला आहे. मोटर, स्कूटर, रिक्षा, सगळीकडे हाच. त्याची जाडी साधारण ८ मिलिमीटर. आत एक स्प्रिंग असते आणि तीच तोंड बंद धरते. नखाने पिन दाबली की हवा सुटते, सोडली की थांबते.

व्हॉल्व्ह बारीक, पेन्सिलीपेक्षाही सडपातळ असेल आणि वरच्या टोकाला आणखी बारीक होत गेला असेल, तर तो प्रेस्टा. याची जाडी साधारण ६ मिलिमीटर. टोकाशी एक इवलीशी नट असते, कडेला खाचा असलेली, आणि ती एका बारीक पिनवर फिरते. प्रेस्टात सहसा स्प्रिंग नसते. टायरमधल्या हवेचाच दाब त्याला आतून बंद धरतो, आणि वरची नट आवळली की तो बंद अवस्थेत पक्का होतो. पुढचं जवळजवळ सगळं या एका फरकातून निघतं, म्हणून तो नीट लक्षात ठेवा: श्रेडरला उघडायला पंपाने आतली पिन दाबावी लागते. प्रेस्टाला उघडायला आधी तुम्ही नट सैल करायची असते, मग पंपाची हवाच त्याला ढकलून आत जाते.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. दूधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या काळ्या सायकलीला असतो तो डनलॉप व्हॉल्व्ह, ज्यात बारीक रबरी वॉलट्यूब घालतात आणि वरून नट आवळून ती बसवतात. खालून तो श्रेडरइतका जाड, वरून प्रेस्टासारखा बारीक. त्यामुळे प्रेस्टाचं पंपाचं तोंड त्यालाही बऱ्याचदा बसतं. त्याच्याबद्दल इथे एवढंच पुरे.

भाचीच्या पुढच्या चाकाला प्रेस्टा होता. मागच्यालाही प्रेस्टाच होता. पण मागचा बोटाने हलवला तर तो भोकात डुगडुगत होता. मी ते मनात नोंदवून ठेवलं, त्याकडे पुढे येतो.

खोक्यावरची अक्षरं

नवी ट्यूब आणताना व्हॉल्व्ह डोळ्यांनी दिसत नाही, खोकं दिसतं. त्यावर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात आणि तिथे नवखे हमखास फसतात. एफव्ही म्हणजे फ्रेंच व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेस्टा. एव्ही म्हणजे श्रेडर. डीव्ही म्हणजे डनलॉप. इथपर्यंत सरळ आहे.

खड्डा आहे तो एसव्हीमध्ये. एस बघून कोणालाही श्रेडर वाटेल. पण काही जर्मन बनावटीच्या ट्यूबांवर एसव्ही म्हणजे स्क्लाव्हेराँ व्हॉल्व्ह, आणि हे प्रेस्टाचंच दुसरं नाव आहे, एतिएन स्क्लाव्हेराँ या फ्रेंच माणसावरून आलेलं. अक्षरांपेक्षा खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवा. चित्र नसेल तर दुकानदाराला सांगून खोकं उघडून बघा. अक्षरांपुढचा आकडा, म्हणजे ४०, ४८, ६० वगैरे, ही व्हॉल्व्हची मिलिमीटरमधली लांबी असते. रिम जितकी खोल, तितका लांब व्हॉल्व्ह लागतो. बसवल्यावर रिमच्या बाहेर किमान दीड-दोन सेंटिमीटर व्हॉल्व्ह उरला पाहिजे, नाहीतर पंपाला धरायला काही राहत नाही.

मग पंपाचं तोंड बघा

पंपाच्या नळीच्या टोकाला जे बसतं त्याला दुकानात नोझल म्हणतात, हेड म्हणतात. मी तोंडच म्हणतो. आपल्याकडे घराघरांत चार प्रकारची तोंडं सापडतात.

पहिलं, मोटरसायकलच्या पंपाचं. एक दाबाची क्लिप, दाबली की उघडते, सोडली की व्हॉल्व्हला चावते. आत एक पिन असते. हे फक्त श्रेडरचं. प्रेस्टावर ते गळून पडतं, कारण ८ मिलिमीटरच्या जागेत ६ मिलिमीटरचं खोड कसं धरणार? भाचीकडे हेच होतं.

दुसरं, दोन भोकांचं. एकाच तोंडाला शेजारी शेजारी एक मोठं आणि एक लहान भोक. मोठं श्रेडरला, लहान प्रेस्टाला. यात काहीच बदलावं लागत नाही.

तिसरं, एका भोकाचं आणि उलटवायचं. याला बघून वाटतं की हे फक्त एकाच प्रकाराला चालतं, आणि बरेचजण व्हॉल्व्ह आणि पंपाच्या मधे बसणारा अडॅप्टर शोधत फिरतात. त्याआधी तोंडाची पुढची रिंग फिरवून काढून बघा. आतून एक जाड रबरी वॉशर आणि एक छोटा प्लास्टिकचा तुकडा निघतो. काढण्याआधी कोणता भाग कोणत्या बाजूला होता याचा मोबाइलवर फोटो काढा. मग दोन्ही तुकडे उलटे करून त्याच क्रमाने परत बसवा. वॉशरचं लहान भोक बाहेरच्या बाजूला आलं की ते प्रेस्टाचं झालं, मोठं आलं की श्रेडरचं. एकच तुकडा उलटवून दुसरा तसाच ठेवला तर काहीच नीट बसत नाही, आणि ही चूक फार होते.

चौथं, कोणताही व्हॉल्व्ह आपोआप पकडणारं. यात बदलायचं काही नाही. पण रबर झिजलं की सगळ्यात आधी प्रेस्टावरची पकड जाते.

तोंडाला कुलपाची दांडी असेल तर ती कोणत्या बाजूला वळल्यावर आवळते हे आधी तपासून घ्या. सगळ्या पंपांना एकच दिशा नसते. तोंडाच्या भोकात बघत दांडी दोन्ही बाजूंना फिरवा. ज्या बाजूला आतलं रबर दबून भोक आवळल्यासारखं दिसतं, ती पकडण्याची बाजू.

प्रेस्टात हवा भरताना

समजा तुमच्याकडे प्रेस्टाचं तोंड आहे. तेव्हा अडॅप्टर लागत नाही. तरी पहिल्यांदा भरताना गडबड होतेच, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

व्हॉल्व्ह खाली, जमिनीच्या जवळ ठेवू नका. तो सोयीच्या उंचीला घ्या, म्हणजे पंपाची नळी त्याला ओढणार नाही. टोकाची इवली नट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. ती पूर्ण निघत नाही, वरच्या टोकाला जाऊन थांबते. तिथपर्यंत न्या. अर्धवट सैल केली तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडतो.

आता त्या नटेवर बोटाने एकदा हलकंच दाबा. 'फुस्' असा छोटा आवाज आला पाहिजे. बरेच दिवस न उघडलेला प्रेस्टा आतून चिकटून बसलेला असतो. ही एक टिचकी त्याला मोकळं करते. टायर पूर्ण बसलेला असेल तर आवाज येणार नाही, पण पिन आत-बाहेर हलते आहे हे बोटाला कळतं.

पंपाचं तोंड सरळ रेषेत दाबून बसवा. तिरकं नाही. पिन वाकते ती नेमकी इथे. एक हात चाकाच्या पलीकडून टायरवर ठेवा म्हणजे व्हॉल्व्ह आत ढकलला जाणार नाही. मग दांडी आवळा.

पहिल्या दांड्याआधी पंपावरचा दाब दाखवणारा काटा शून्यावर असेल. टायरमध्ये हवा असली तरी शून्य. घाबरू नका. श्रेडरला तोंड लावताच काटा टायरमधला दाब दाखवतो, कारण तोंडातल्या पिनने व्हॉल्व्ह उघडलेला असतो. प्रेस्टाचं दार बंद असतं, म्हणून पंपाला आत काय आहे ते पहिला दांडा मारेपर्यंत कळत नाही. एक-दोन दांड्यांनंतर काटा खऱ्या आकड्यावर येतो.

आता बिघाड ओळखायच्या दोन खुणा. दांडा दगडासारखा घट्ट लागतो, काटा प्रत्येक वेळी झपकन वर जातो आणि टायर मात्र बोटाला मऊच लागतो: हवा नळीतच अडकली आहे. नट उघडलेली नाही, किंवा व्हॉल्व्ह चिकटलेला आहे. उलट, दांडा अगदी हलका जातो आणि तोंडाशी सूं सूं आवाज येतो: तोंड नीट बसलेलं नाही. काढा, थोडं कमी किंवा थोडं जास्त खोल घालून परत आवळा.

भरून झालं की दांडी सोडा आणि तोंड सरळ ओढून काढा. त्या क्षणी जोरात 'फट्' आवाज येतो आणि नवख्या माणसाला वाटतं सगळी हवा गेली. ती नळीतली हवा असते. टायर दाबून बघा, तो तसाच कडक असतो. मग नट बोटाने आवळा. पक्कड लावायची गरज नाही. टोपी फक्त धुळीसाठी असते, हवा ती धरत नाही.

आणखी एक गोष्ट, छोटा हातपंप वापरणाऱ्यांसाठी. त्यातल्या काहींची नळी व्हॉल्व्हवर फिरवून आवळायची असते. काढताना ती उलटी फिरवली की कधी कधी प्रेस्टाचा आतला भाग, म्हणजे कोअर, तिच्याबरोबरच फिरून निघून येतो आणि टायर एका सेकंदात रिकामा होतो. व्हॉल्व्हच्या बारीक भागावर दोन सपाट बाजू दिसत असतील तर तुमचा कोअर निघणारा आहे. घरीच, हवा भरण्याआधी, छोट्या पान्याने तो घड्याळाच्या दिशेने हलकासा आवळून ठेवा.

पितळी अडॅप्टर कधी लागतो

आता भाचीच्या घरातली परिस्थिती. ट्यूब प्रेस्टाची, पंप मोटरसायकलचा, तोंड उलटवता येण्याजोगं नाही. अडॅप्टरचं खरं काम याच ठिकाणी आहे, आणि माझ्या मते रस्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक प्रेस्टावाल्याने तो सीटखालच्या पिशवीत ठेवावा. कारण आपल्या रस्त्यांवर जागोजागी जी हवा मिळते, पंक्चरच्या टपरीतल्या कॉम्प्रेसरपासून पेट्रोल पंपापर्यंत, ती सगळी श्रेडरच्या तोंडाची असते.

अडॅप्टर म्हणजे बोटाच्या नखाएवढी पितळी टोपी, दोन्ही बाजूंनी उघडी. आतल्या बाजूला प्रेस्टाच्या बारीक टोकावर बसणारे आटे, बाहेरच्या बाजूला श्रेडरचे आटे. तळाशी बहुधा एक काळी रबरी रिंग असते. ही रिंग हरवली तर अडॅप्टर बाजूने हवा सोडतो, म्हणून विकत घेताना ती आहे ना ते बघा. त्यात स्वतःचा व्हॉल्व्ह नसतो. तो फक्त हवेची वाट रुंद करून देतो, दार प्रेस्टाचंच राहतं.

बसवायचा क्रम असा. टोपी काढा. प्रेस्टाची नट पूर्ण वर न्या. हे आधीच करायचं, कारण अडॅप्टर बसला की नट त्याच्या आत जाते आणि मग ती उघडता येत नाही. बोटाने एकदा 'फुस्' करा. आता अडॅप्टर हाताने सरळ फिरवत घट्ट होईपर्यंत लावा. आटे तिरके चढत असतील तर लगेच थांबा आणि परत सुरू करा, पितळ मऊ असतं. मग त्यावर मोटरसायकलची क्लिप लावा आणि भरा.

भरून झाल्यावर अडॅप्टर काढून प्रेस्टाची नट आवळणं विसरू नका. पुष्कळजण तो तसाच ठेवून सायकल चालवतात. त्याने लगेच काही होत नाही, पण आतली नट तेव्हा उघडीच असते, आणि व्हॉल्व्हला दणका बसला की हवा थोडी थोडी झिरपू शकते. त्यातून चाकाच्या एका जागी ते पितळी वजन लटकत राहतं ते वेगळंच.

उलट परिस्थितीही असते: ट्यूब श्रेडरची आणि पंप फक्त प्रेस्टाचा. त्यासाठीचा अडॅप्टर वेगळा असतो. त्याच्या आत पिन असावी लागते, कारण श्रेडरचं दार पिन दाबल्याशिवाय उघडत नाही. साधा पितळी अडॅप्टर उलटा लावून हे जमत नाही. आपल्याकडे असे फक्त प्रेस्टाचे पंप कमीच, त्यामुळे ही वेळ क्वचित येते.

अडॅप्टरने न सुटणारा प्रश्न: रिमचं भोक

भाचीच्या पुढच्या चाकाचं काम अडॅप्टरने झालं. मागच्या चाकात हवा भरली आणि वीस मिनिटांत ते परत मऊ. ट्यूब बाहेर काढली तर व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे धातूचं खोड रबरात शिरतं, तिथे अर्ध्या गोलासारखी चीर. ही चीर पंक्चरच्या ठिगळाने बुजत नाही, कारण ठिगळाला तिथे सपाट जागाच मिळत नाही.

मग रिमचं भोक मोजलं. पुढच्या रिमचं साधारण साडेसहा मिलिमीटर. मागच्या रिमचं साडेआठ. म्हणजे आधीच्या मालकाने कधीतरी मागची रिम बदलली होती, ती श्रेडरच्या भोकाची होती, आणि त्याने तिच्यात पुढच्यासारखीच प्रेस्टाची ट्यूब घातली होती. ६ मिलिमीटरचं खोड साडेआठच्या भोकात प्रत्येक ब्रेकला थोडं पुढे-मागे होत राहिलं आणि बुडाशी रबर कापलं गेलं. म्हणून तो व्हॉल्व्ह डुगडुगत होता.

घरी मोजायला व्हर्नियर नसला तरी चालतं. ट्यूब काढून रिमच्या भोकात श्रेडरचा व्हॉल्व्ह घालून बघा. सहज गेला तर भोक मोठं आहे. अडला तर लहान.

मोठ्या भोकाला दोन मार्ग. प्रेस्टाच ठेवायची असेल तर भोकात एक छोटं बूच घालावं लागतं, रबराचं किंवा धातूचं, जे साडेआठला साडेसहा करतं. दुसरा, जास्त सोपा मार्ग म्हणजे सरळ श्रेडरची ट्यूब घालणं. मागच्या चाकाला मी दुसरा मार्ग निवडला: त्याच आकाराची एव्ही ट्यूब आणली. आता तिच्या मागच्या चाकाला घरचा पंप थेट लागतो आणि फक्त पुढच्याला अडॅप्टर लागतो. दोन चाकांना दोन प्रकार असण्यात काही चूक नाही. फक्त जादा ट्यूब जवळ ठेवायची झाली तर ती प्रेस्टाची ठेवा, कारण ती लहान भोकातही जाते आणि अडचणीच्या वेळी मोठ्या भोकातही घरी पोचवते. श्रेडरची लहान भोकात जातच नाही.

आणि हेच त्या ड्रिलबद्दल. लहान भोक मोठं करता येतं, पण अरुंद रिमवर ते केलं की व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना फार कमी धातू उरतो, आणि आतल्या कडेला राहिलेली धार नवीन ट्यूब कापते. रुंद, जाड रिमवर एखाद्या जाणकाराने कडा घासून हे केलं असेल तर वेगळं. पंक्चरच्या दुकानात, ट्यूब तिथे मिळत नाही एवढ्या कारणासाठी, ते अजिबात करू देऊ नका.

अडॅप्टर बसला, पण दाब येतो का?

भाचीच्या टायरच्या बाजूवर ७००×३२ लिहिलं होतं, आणि त्याखाली किमान ५० व कमाल ८५ पीएसआय. तिच्या वजनाला आणि आपल्या रस्त्यांना मी ६५ धरले. तिच्या वडिलांच्या पंपाची उभी नळी, जिच्यात दांडा खाली-वर होतो, ती जाड आहे, आतला व्यास ३८ मिलिमीटरच्या आसपास. मोटरसायकलच्या २५-३० पीएसआयला तो उत्तम. पण नळी जितकी जाड, तितका तोच दाब गाठायला दांड्यावर जोर जास्त लागतो. हिशेब केला तर ६५ पीएसआयला शेवटच्या दांड्यांवर जवळजवळ ५० किलोचा भार टाकावा लागतो, आणि ८५ ला ६५ किलोच्या पुढे. म्हणजे अंगाचं सगळं वजन.

तिने पहिले दहा-बारा दांडे सहज मारले. पुढचे मात्र दोन्ही हातांवर ओणवं होऊन. काट्याने ६५ दाखवले तेव्हा आम्ही थांबलो. तिच्या टायरला हे जमलं. ७००×२३ किंवा २५ च्या रेसिंग सायकलीला ९०-१०० हवे असतील तर या पंपाने, कितीही चांगला अडॅप्टर लावला तरी, बहुतेकांना ते जमणार नाही. त्यांनी बारीक नळीचा, दोन भोकांच्या तोंडाचा सायकलचा उभा पंपच घ्यावा. अडॅप्टर त्यांच्यासाठी रस्त्यावरचा सोबती, रोजचा नाही.

पेट्रोल पंपावर गेलात तर

तिथली हवा वेगाने येते आणि सायकलची ट्यूब लहान असते. ७००×३२ ट्यूबमध्ये दीड-पावणेदोन लिटर जागा, तर साध्या मोटरीच्या टायरमध्ये पंधरा पट तरी. मोटरीला जे अर्ध्या मिनिटात होतं ते सायकलीला एक-दोन सेकंदांत होतं.

शिवाय प्रेस्टाचं दार मधे बंद असल्याने तिथल्या यंत्राला आतला दाब नीट कळत नाही. त्यामुळे आकडा लावून ते आपोआप थांबेल या भरवशावर उभं राहू नका. तिथल्या माणसाला आधीच सांगा, "दादा, सायकल आहे, जरा जराशी सोडा." एका वेळी क्षणभर सोडायची, काढून टायर अंगठ्याने दाबून बघायचा, परत क्षणभर. घरी पोचण्यापुरता दाब आला की थांबा आणि नेमका आकडा घरच्या पंपावर बघा. नव्याने बसवलेल्या ट्यूबला तर तिथे हात लावूच देऊ नका. आधी हातपंपाने थोडी हवा भरून टायरची कड रिममध्ये सगळीकडे सारखी बसली आहे ना, ते दोन्ही बाजूंनी चाक फिरवून बघावं लागतं. कड वर आलेली असताना जोराची हवा सोडली तर ट्यूब बाहेर येऊन फुटते.

रात्री साडेनऊला दोन्ही चाकं तयार झाली. मी भाचीला सांगितलं, पहाटे निघण्याआधी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघ, मागचा विशेष. पाच वाजता तिचा मेसेज आला: दोन्ही कडक आहेत, आणि अडॅप्टर पिशवीत, त्याची काळी रिंग आहे ना तेही बघितलं.